चहाला सावली, प्लेटला ऊन

मुंबईत वर्षातून दोन दिवस भर दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच जाते. पहिला दिवस मेच्या मध्यावर येतो, दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मेमधल्या त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास साकीनाक्याला अंधेरी-कुर्ला रस्त्यावर उभे राहिलात, तर मेट्रोच्या पुलाची सावली बरोबर पुलाखाली पडलेली दिसेल. दोन्ही बाजूंच्या पदपथांवर ऊन असेल आणि मधल्या पट्ट्यात सावली. थोडीफार माणसेही त्या सावलीतच असतील. रिक्षा लावून टेकलेले चालक, खैरानी रोडच्या गाळ्यांतून जरा वेळ सुटलेली पोरे, आणि त्यांच्या मधोमध चहाची गाडी.

चहावाल्याने ती जागा विचार करूनच धरलेली असते. उन्हात उभे राहून कटिंग कोणी पीत नाही. दूध सावलीत जास्त टिकते, स्टोव्हपाशी उभ्या माणसालाही सावली लागते. चहाच्या धंद्याला सावली हे भांडवल आहे. याच गाडीवर सोलरची प्लेट बसवायची म्हटली की गोष्ट उलटते, कारण प्लेट उन्हावर जगते. गाडीवरच्या सोलरचे बहुतेक प्रश्न या एका विरोधातून निघतात. बॅटरी बसली, पंखा रात्री आठलाच थांबला, ‘सोलर काही कामाचा नाही’ असे म्हणून प्लेट शेडवर पडून राहिली, अशा तक्रारींच्या मुळाशी गेले तर पुष्कळदा सामान चांगले निघते. गाडी सावलीत होती, एवढेच कारण असते.

म्हणून आधी गाडीला किती वीज लागते ते पाहू, आणि मग ती सावली किती खाते ते.

एक गाडी डोळ्यांपुढे आणू. सकाळी सहाला उघडणारी, रात्री साडेअकराला झाकणारी. तिच्यावर ९ वॉटचा एक एलईडी दिवा, संध्याकाळी साडेसहापासून पाच तास. १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंखा, तोही १२ वॉटचा, दिवसातून आठ तास. शिवाय मालकाचा फोन, पैसे आल्याचे ओरडून सांगणारा तो छोटा खोका, आणि अधूनमधून एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन. दिव्याचे झाले ४५ वॉट-तास, पंख्याचे ९६. आजकालच्या मोठ्या बॅटरीचा फोन रिकाम्यापासून पूर्ण भरायला, वाटेतली गळती धरून, साधारण २५ वॉट-तास जातात. अशा दोन फोनांचे ५०. वरचे किरकोळ मिळवून बेरीज २०० वॉट-तास, म्हणजे युनिटाचा पाचवा भाग.

हा आकडा किती लहान आहे हे समजायला चहाचाच दाखला घ्यावा. एक लिटर पाणी उकळायला साधारण ८० वॉट-तास लागतात. म्हणजे गाडीची अख्ख्या दिवसाची ही वीज पातेल्याखाली लावली, तर जेमतेम अडीच लिटर पाणी उकळेल आणि पंचवीस-सत्तावीस कटिंगांत संपेल. तेव्हा स्टोव्ह सोलरवर चालेल का, हा प्रश्न इथेच मिटतो. पण तीच वीज दिवाभर, पंखाभर आणि फोनभर पुरते. उष्णता निर्माण करायला वीज फार लागते, उजेड आणि वारा थोडक्यात होतात. छोटे सोलर किट उभे आहे ते या फरकावर.

पंखा मात्र नीट निवडायला हवा. घरातला साधा टेबल फॅन ५० ते ५५ वॉट खातो, आणि त्यासाठी बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून फिरवून आणावी लागते, तिथेही काही भाग गळतो. आठ तासांत तो एकटाच ४०० वॉट-तासांच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या गाडीच्या सगळ्या गरजेच्या दुप्पट. घरात पडून असलेला पंखा वापरू या, एवढ्या एका काटकसरीने किट कोसळते. पंखा थेट १२ व्होल्टचाच घ्यावा, आणि त्याचे तोंड मालकाच्या पाठीकडे ठेवावे. स्टोव्हकडे केले तर ज्योत फडफडते, चहाला वेळ लागतो आणि विजेची बचत इंधनात जाते.

आता ऊन. मुंबईत वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तासांच्या कडक उन्हाएवढी ऊर्जा आडव्या पृष्ठभागावर पडते. ऊन दहा-अकरा तास असते, पण सकाळ-संध्याकाळचे तिरपे आणि कमजोर. सगळे एकत्र करून पाच. प्लेटवर १०० वॉट छापलेले असले, तरी ती आकडेवारी प्रयोगशाळेतली. गाडीवर प्लेट तापते, धुळीने माखते, कंट्रोलर आणि वायर आपला वाटा घेतात. बॅटरीत जाणारे ६५ धरावेत. पाच तासांचे झाले ३२५ वॉट-तास. गरज २०० ची. म्हणजे उघड्यावरची १०० वॉटची प्लेट या गाडीला पुरून उरते.

हीच प्लेट मेच्या दुपारी मेट्रोच्या पुलाखाली ठेवू. तिला फक्त दोन्ही बाजूंच्या फटींतून दिसणाऱ्या आभाळाचा उजेड मिळतो. डोळ्यांना तो भरपूर वाटतो, कारण आपला डोळा कमी-जास्त उजेड सहज सांभाळून घेतो. प्लेटला तशी सवय नाही. भर उन्हात जी बॅटरीत पाच ॲम्पिअर ढकलते, ती इथे अर्धा ॲम्पिअर दिला तरी खूप. दिवसभरात तीसेक वॉट-तास, एक फोन आणि वर थोडेसे. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा मात्र इथेही लुकलुकतो आणि मालकाला वाटते, चार्जिंग चालू आहे. चालू असतेच, पण ठिबकत.

पूर्ण सावली निदान ओळखता येते. अर्धी सावली जास्त फसवते. प्लेटमधले छोटे चौकोन, म्हणजे सेल, एकामागून एक साखळीने जोडलेले असतात. बांधकामावर घमेली हातोहात वर जातात, तशी वीज त्यांतून पुढे सरकते. रांगेतला एक गडी दमला की सगळ्या रांगेचा वेग त्याच्यावर येतो. गाडीच्या छत्रीची कड, विजेच्या खांबाची पट्टी, वर बांधलेल्या जाहिरातीच्या फळीचा कोपरा, यांची सावली एखाद-दोन सेलवर पडली की असेच होते. यावर उपाय म्हणून प्लेटच्या मागच्या डबीत डायोड असतात. ते अडलेला भाग बाजूला टाकून वीज पुढे काढतात. पण छोट्या, ३६ सेलच्या प्लेटमध्ये असे भाग बहुधा दोनच असतात. एक बाजूला पडला की उरलेल्या १८ सेलचा दाब नऊ-दहा व्होल्टच राहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत वीज शिरायला त्याहून जास्त दाब लागतो. म्हणून साध्या कंट्रोलरवर अर्धी प्लेट उन्हात तळपत असूनही बॅटरीत जवळजवळ काहीच जात नाही. हातभर सावलीने हातभरच नुकसान होईल हा अंदाज इथे चुकतो. प्लेट बसवताना गाडीवरच्याच वस्तूंची सावली तिच्यावर पडत नाही ना, हे सकाळी, दुपारी आणि चारला असे तीनदा पाहावे.

ते पाहायला यंत्र लागत नाही. प्लेटच्या वर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटांची सावली कडा कापल्यासारखी स्पष्ट पडली तर प्लेट कमावते आहे. पुसट पडली तर थोडे मिळते आहे. पडलीच नाही तर ती फक्त उजेडात बसली आहे. कंट्रोलरवर ॲम्पिअरचा आकडा दिसत असेल तर तोही हेच सांगेल, पण हाताची सावली किट विकत घेण्याआधीसुद्धा पाहता येते.

सावली एका जागी थांबत नाही, ही गोष्ट साकीनाक्यावर फार स्पष्ट दिसते. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तिचा मार्ग साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. त्यामुळे पुलाची सावली ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण सरकते. मेमध्ये माध्यान्हीला ती पुलाखाली असते. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेला, जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. अशा वेळी दहा मीटर उंचीच्या कठड्याची सावली सुमारे नऊ मीटर उत्तरेला जाऊन पडते. म्हणजे उन्हाळ्यात ऊन खाणारा उत्तरेकडचा पदपथ हिवाळ्यात सावलीत जातो, आणि उन्हाळ्यात सावलीत असलेल्या खांबांमधल्या जागेवर, दक्षिणेकडच्या इमारती आड आल्या नाहीत तर, ऊन उतरते. स्थानकाची इमारत रुंद, तिच्याखाली बाराही महिने अंधारच. एप्रिलमध्ये जागा पाहून घेतलेले किट डिसेंबरात का मंदावले, याचे उत्तर बॅटरीत सापडत नाही. ते डोक्यावरच्या पुलात असते.

मग गाडी सावलीत आणि प्लेट उन्हात, हे जमवायचे कसे?

एक वाट चहाच्या धंद्यातूनच निघते. चहाची गर्दी सकाळी असते, मग दुपारी तीननंतर पुन्हा चढते. बारा ते अडीच हा जेवणाचा वेळ, गाडीवर माणसे तुरळक. सूर्याची वेळ याच्या नेमकी उलट आहे: साडेअकरा ते अडीच या तीन तासांत दिवसभराच्या उन्हातला जवळजवळ निम्मा वाटा येतो. धंदा मंद असतो तेव्हा प्लेट सर्वांत जास्त कमावते. त्या वेळात गाडी दहा पावले उन्हात सरकवली, किंवा प्लेट सुटी ठेवून लांब वायरीवर उन्हाच्या तुकड्यात टेकवली, तर तीन तासांत दीडशेच्या वर वॉट-तास जमतात. दिवा आणि पंखा त्यात निघतात, फोनांचे जरा ओढून धरावे लागते. प्लेट छपरावर कायमची जखडण्यापेक्षा बिजागरीवर किंवा खाचेत बसवावी ती एवढ्यासाठी. १०० वॉटची प्लेट सुमारे मीटरभर लांब आणि सात-आठ किलोची असते, एका माणसाला ती उचलता येते. मात्र पावसाळ्यातल्या वाऱ्याला तीच प्लेट शिडासारखी असते. खाचेला नट-बोल्ट हवेतच. सुतळीने बांधलेली प्लेट रस्त्यावर उडाली तर कोणाच्या तरी डोक्यात बसेल.

छपरावरच बसवायची असेल तर ती जवळजवळ आडवी ठेवावी. घराच्या गच्चीवर प्लेट दक्षिणेकडे झुकवतात. गाडी रोज वेगळ्या तोंडाने उभी राहते, आज दक्षिणेला झुकलेली प्लेट उद्या उत्तरेला झुकेल. मुंबईच्या अक्षांशावर आडव्या प्लेटचे नुकसान वर्षाकाठी थोडेच, पाच टक्क्यांच्या आसपास. पाणी ओघळून धूळ निघावी एवढा, बोटभर, उतार द्यावा. प्लेट आणि पत्रा यांत चार बोटांची फट ठेवावी, कारण तापलेली प्लेट कमी देते, आणि खालून स्टोव्हची धग येत असतेच. साकीनाक्याच्या धुळीत सिमेंट असते, लोखंडाचा कीस असतो, आणि त्यावर चहाच्या वाफेचा चिकटा बसतो. पहाटे गाडी उघडताना ओल्या फडक्याने एकदा पुसले की भागते.

दुसरी वाट बॅटरीची. बॅटरी गाडीवर राहिली पाहिजे असे काही नाही. पूर्वी शिशाची बॅटरी असे तेव्हा तिला हलवणे जिवावर येई, आणि तिची निम्मीच वीज वापरायची असते. जास्त उपसली की ती लवकर मरते. आपल्या २०० वॉट-तासांना शिशाची ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी लागेल, तिचे वजन बारा-तेरा किलो. लिथियम फॉस्फेटची २० ॲम्पिअर-तासांची बॅटरी तेच काम करते आणि ती अडीच-तीन किलोंत बसते. ती पिशवीत घालून असल्फ्याच्या टेकडीवर किंवा जरीमरीच्या खोलीवर नेता येते. प्लेट तिथे पत्र्यावर, भर उन्हात. दोन बॅटऱ्या असतील तर एक घरी भरते, एक गाडीवर चालते.

इथे चाणाक्ष वाचक विचारील, बॅटरी घरीच न्यायची तर ती घरच्या प्लगला का लावू नये? लावावी. घरात मीटर असेल तर खरोखरच लावावी. रोजचे २०० वॉट-तास म्हणजे महिन्याला सहा युनिट, भरतानाची गळती धरून सात-आठ. त्याचे पैसे शंभरच्या आतच राहतात. गाडीवाल्याची अडचण वीज महाग असण्याची कधी नव्हतीच. चाकांवरच्या धंद्याला मीटर मिळणे कठीण, म्हणून तो शेजारच्या दुकानातून रोजच्या बोलीवर एक दिवा ओढून घेतो, आणि त्या एका दिव्याचे महिन्याला जे देतो त्यात घरातले कितीतरी युनिट येतील. पुलाखाली पूर्ण सावलीत उभी राहणारी, हलवता न येणारी गाडी असेल, तर माझे मत सरळ आहे: प्लेट घेऊ नका. चांगली लिथियम बॅटरी, १२ व्होल्टचा पंखा आणि दिवा घ्या, बॅटरी घरी भरा. किटमधला जो भाग गाडीला दुकानाच्या वायरीतून सोडवतो तो म्हणजे बॅटरी. प्लेटचे काम ती भरण्याचे, आणि ते तिला उन्हातच करता येते.

हे मत सोलरच्या विरोधातले समजू नये. ज्याच्या खोलीला स्वतःचे मीटर नाही, जो गाडीपाशीच झोपतो, किंवा ज्याची गाडी उघड्या बाजूला उभी राहते, त्याला प्लेटच हवी. बंगळुरूच्या सेल्को कंपनीने १९९५ पासून अशाच माणसांसाठी सौर दिव्यांचे काम केले. तिचे एक संस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका फेरीवालीने शिकवलेली गोष्ट ते सांगत आले आहेत: महिन्याचे ३०० रुपये तिला जड, रोजचे १० चालतील. शाळेतल्या गणितात दोन्ही एकच. पण रोज कमावून रोज खाणाऱ्याच्या गणितात महिना हा आकडाच नसतो. सोलरची वीजही तशीच रोजंदारीवर येते. आजचे ऊन आज, उद्याचे उद्या, आणि बॅटरीत फार तर एका रात्रीची शिल्लक.

ही शिल्लक कशात जाते यावर मालकाची नजर हवी. रिक्षावाला म्हणतो, ‘भाऊ, जरा फोन लावतो.’ नाही म्हणवत नाही, आणि तो दोन कटिंग जास्त पितो हेही खरे. पण एक फोन पूर्ण भरला म्हणजे पंख्याचे दोन तास गेले. उन्हाळ्यात चार-पाच फोन दुपारी, प्लेट जोरात असताना लावले तर काही बिघडत नाही, तेव्हा बॅटरी भरून वरचे ऊन वायाच जात असते. तेच फोन रात्री आठला लावले की दहाला दिवा जातो. फोन दुपारी, दिवा रात्री, एवढा एक नियम पाळणाऱ्या गाडीला मोठी बॅटरी लागत नाही.

पावसाळ्यात मात्र सगळीकडेच सावली. जुलैमध्ये मुंबईचे ऊन सरासरीने साडेतीन तासांच्या आसपास येते. उघड्यावरच्या प्लेटला त्यातही गरजेपुरते मिळते. पण सरासरीवर दिवा लागत नाही. झड लागली की एकेका दिवशी तास-दीड तासांएवढेच ऊन, म्हणजे शंभराच्या आत वॉट-तास. त्या दिवसांत पंख्याची गरजही कमी असते, ही त्यातली सोय. पंखा बंद ठेवला तर दिवा आणि एक फोन निभतो. न सांभाळणारा मालक रोज बॅटरी तळाला नेतो आणि ती रोज अर्धवट भरते. शिशाच्या बॅटरीचा जीव यानेच जातो. आतल्या पत्र्यांवर साका धरतो आणि गणपतीपर्यंत ती बसते. तिचा दाब मोजून अंदाज घेता येतो: प्लेट आणि दिवे सोडवून तासभर थांबून १२.७ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ ला निम्मी, ११.८ ला रिकामी. लिथियमचा दाब शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, तिचे संरक्षक सर्किट एकदम तोडते आणि गाडी अंधारात जाते. म्हणून झडीच्या दिवसांत आठवड्यातून एक-दोनदा कोणतीही बॅटरी कुठूनतरी पूर्ण भरून आणावी.

तेव्हा गाडीवर सोलर घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी एक दिवस आपल्याच जागेवर घालवा. सकाळी नऊपासून चारपर्यंत दर तासाला, गाडीचे छप्पर जिथे असते त्या उंचीवर हात धरा आणि बोटांची सावली स्पष्ट पडते का ते कागदावर टिपा. साडेअकरा ते अडीच या वेळात ती सलग पडली, तर १०० वॉटची प्लेट घ्या. त्या तीन तासांत पडली नाही, आणि गाडी किंवा प्लेट हलवण्याचीही सोय नाही, तर पैसे बॅटरीत घाला. आणि जमल्यास असा एक दिवस मेमध्ये आणि एक डिसेंबरात घालवा, कारण पुलाची सावली ऋतूप्रमाणे सरकते.